मेनिस्कस किती काढला हे लिहिता, किती उरला तेही लिहा

प्रति,
महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या अस्थिव्यंगोपचार विभागांचे प्रमुख
आणि त्या विभागांत शिकणारे निवासी डॉक्टर

सन्माननीय सहकारी,

गुडघ्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत फाटलेल्या मेनिस्कसचा काही भाग काढल्यानंतर आपण जी ऑपरेशन नोट लिहितो, तिच्या नमुन्याविषयी हे पत्र आहे. ते लिहिण्याचे कारण माझीच एक नोट आहे.

तीन वर्षांपूर्वी मी एका शिक्षकांच्या उजव्या गुडघ्याची आर्थ्रोस्कोपी केली होती. त्यांचे वय तेव्हा ४१ होते. व्हॉलीबॉल खेळताना पाय मुरगळला आणि आतल्या बाजूची गादी फाटली, अशी साधी हकीकत होती. शस्त्रक्रिया अर्ध्या तासात झाली, दुसऱ्या दिवशी ते चालत घरी गेले. गेल्या वर्षी तेच पुन्हा आले, कारण मांडी घालून बसताना आणि जिना उतरताना सांध्याच्या आतल्या रेषेवर दुखत होते आणि गुडघ्याला थोडी सूजही होती. एमआरआय काढला. त्यात पोस्टीरियर हॉर्न आखूड दिसत होता आणि त्यातला पांढरा पट्टा पृष्ठभागापर्यंत पोहोचलेला होता. मूळच्या, कधीही न कापलेल्या मेनिस्कसमध्ये असे दिसले असते तर आपण निःशंकपणे फाट म्हटले असते. पण आधी कापलेल्या मेनिस्कसमध्ये हे चित्र शस्त्रक्रियेनंतरच्या बदललेल्या आकारामुळेही दिसते आणि नव्या फाटीमुळेही दिसते. रेडिओलॉजिस्टने मला फोन करून एकच प्रश्न विचारला, “सर, पहिल्या वेळी नेमका किती आणि कुठून काढला होता?”

मी फाइल उघडली. माझ्या हस्ताक्षरात लिहिले होते : मीडियल मेनिस्कसची फाट दिसली, पार्शियल मेनिसेक्टमी केली, सांधा धुतला, टाके घातले. या चार वाक्यांतून त्या प्रश्नाचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. अखेर त्या माणसाला मला दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावे लागले. नवी फाट नव्हती. पोस्टीरियर हॉर्नमध्ये सुमारे १५ मिमी लांबीच्या पट्ट्यात कॅप्सूलला लागून फक्त ३ मिमी रुंदीची, गुळगुळीत आणि स्थिर अशी कड उरली होती आणि तिच्यासमोर मांडीच्या हाडाच्या कूर्चेवर १२ गुणिले ८ मिमीची, अर्ध्याहून अधिक जाडी गेलेली झीज होती. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारले, “डॉक्टर, ही झीज तेव्हापासूनच होती का?” पहिल्या नोटमध्ये कूर्चेबद्दल एक शब्दही नसल्यामुळे मला उत्तर देता आले नाही, आणि झीज मधल्या काळात इतकी वाढली की आधीपासूनच तेवढी होती, हे न कळल्यामुळे पुढे काय करावे हा निर्णयही अंदाजाने घ्यावा लागला.

आपल्या बहुतेक विभागांत आज जी छापील किंवा संगणकावरची नोट वापरली जाते, ती या चार वाक्यांपेक्षा फार वेगळी नाही, हे निवासी डॉक्टरांच्या परीक्षा घेताना मी पाहिले आहे. भूलतज्ज्ञाचे नाव, स्थिती, टूर्निके, टाके हे सगळे तिच्यात असते. नसते ते नेमके मेनिस्कसबद्दल. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या मार्गदर्शक तत्त्वांत ऑपरेशन नोटमध्ये काढलेल्या, घातलेल्या किंवा बदललेल्या ऊतींचा तपशील असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. मेनिसेक्टमीत आपण ऊती काढण्याचेच काम करतो, म्हणून हा तपशील या नोटचा गाभा असायला हवा.

मेनिस्कसच्या वर्णनासाठी नवी भाषा शोधण्याची गरज नाही. आयसाकॉस या आंतरराष्ट्रीय संघटनेने फाटीचे जे वर्गीकरण ठरवून दिले आहे, ते त्याच कामासाठी आहे आणि त्यातले घटक नमुन्यात जसेच्या तसे यावेत. फाट पूर्ण जाडीची की अर्धवट, पुढच्या, मधल्या की मागच्या तिसऱ्या भागात, तिची लांबी मिलिमीटरमध्ये किती, तिचे रूप उभे-लांबट, आडवे, रेडियल, फ्लॅप की मिश्र, ऊती ताजी की झिजलेली, आणि बाहेरच्या कॅप्सूलपासून फाट किती आत आहे. हे शेवटचे अंतर सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच सर्वाधिक वेळा वगळले जाते. ३ मिमीपेक्षा कमी असेल तर पहिला झोन, ३ ते ५ मिमीच्या आत असेल तर दुसरा आणि ५ मिमी किंवा त्याहून अधिक असेल तर तिसरा. फाट एकाहून अधिक झोनमध्ये गेली असेल तर ती सर्वांत बाहेर जिथपर्यंत पोहोचते तो झोन लिहायचा. मेनिस्कसला रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला असतो, त्यामुळे ही फाट शिवून जुळण्यासारखी होती की नव्हती याचे निम्मे उत्तर या एका आकड्यात असते.

हे अंतर नजरेने ठरवू नये. दुर्बिणीचे टोक जवळ नेले की सगळे मोठे दिसते आणि लांब नेले की लहान, आणि ३० अंशांच्या लेन्सने तिरके पाहताना मागच्या भागातली रुंदी हमखास चुकते. साधन आपल्या हातातच असते. प्रोबच्या वाकड्या टोकाची लांबी निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रोबमध्ये थोडी कमी-अधिक असते, म्हणून आपल्या सेटमधल्या प्रोबचे टोक एकदा पट्टीने मोजून तो आकडा शस्त्रक्रियागृहातल्या फलकावर लिहून ठेवावा. त्यानंतर टोक कॅप्सूल आणि मेनिस्कसच्या सांध्यावर टेकवून फाटीपर्यंत किती टोके बसतात ते मोजले की झाले. मिनिटभराचे काम आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कापण्यापूर्वी फाट कुठे होती आणि कापल्यानंतर कड किती उरली, या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि नमुन्यात त्या वेगळ्या रकान्यांत असायला हव्यात. बकेट-हँडल फाटीत हँडल काढले की दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात, त्यामुळे एकच पुरेसा वाटतो. पण फ्लॅपमध्ये किंवा आडव्या फाटीत आपण फाटीच्या पलीकडेही कड गुळगुळीत करत जातो, आणि शेव्हर चालत असताना आपण किती पुढे गेलो हे शेवटी आपल्यालाही सांगता येत नाही. म्हणून शेव्हर बाहेर काढल्यावर पुन्हा प्रोब आत घालून उरलेल्या कडेची सर्वांत अरुंद जागा मोजायची, ती अरुंद जागा किती लांबीची आहे ते पाहायचे आणि शेजारच्या न कापलेल्या भागाची रुंदीही टिपायची. या तीन आकड्यांवरून पुढचा कोणताही सर्जन किंवा रेडिओलॉजिस्ट आपल्या मनाशी चित्र काढू शकतो.

‘सुमारे वीस टक्के काढला’ असे लिहिण्याची पद्धत आहे. टक्केवारी लिहायला माझा आक्षेप नाही, आयसाकॉसच्या वर्गीकरणातही ती आहे, पण ती आकड्यांच्या जागी येऊ नये. त्याचे कारण रेडियल फाटीत स्पष्ट दिसते. समजा लॅटरल मेनिस्कसच्या मधल्या भागात मोकळ्या कडेपासून निघालेली फाट थेट कॅप्सूलपर्यंत गेली आहे आणि आपण तिच्या दोन्ही काठांचा थोडासा भाग काढला. काढलेली ऊती दहा टक्केसुद्धा भरणार नाही. पण मेनिस्कस वजन पेलतो तो त्याच्या गोलाकार तंतूंच्या ताणामुळे, पिंपाला कडी जशी धरून ठेवते तसा, आणि कडी एका जागी तुटली की बाकीचे नव्वद टक्के जागेवर असूनही ती वजन पेलत नाही. पोस्टीरियर रूट तुटल्यावर तेच होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲलेअर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात, मृत शरीरांच्या गुडघ्यांमध्ये मीडियल मेनिस्कसचे मागचे रूट तोडल्यावर सांध्यातला दाब पूर्ण मेनिस्कस काढल्यावर येतो तितकाच वाढला होता. म्हणून नमुन्यात ‘बाहेरची कड अखंड आहे का’ आणि ‘पुढचे व मागचे रूट प्रोबने ओढून पाहिले का, पक्के आहे का’ हे दोन स्वतंत्र प्रश्न हवेत. मांडी घालून आणि उकिडवे बसण्याची सवय असलेल्या आपल्या पन्नाशीतल्या स्त्रियांमध्ये मागच्या रूटची फाट वारंवार आढळते, आणि ती नजरेने सहज निसटते. प्रोब लावल्याशिवाय रूटबद्दल काहीही लिहू नये.

दुसरी नोंद निर्णयाची. आपण शिवण का घातली नाही, हे एका वाक्यात लिहिलेच पाहिजे. फाट तिसऱ्या झोनमध्ये होती, फ्लॅपची ऊती चुरगळलेली होती, आडव्या फाटीचे पदर झिजलेले होते, किंवा रुग्णाला सहा आठवडे पाय जपणे शक्य नव्हते आणि ते त्याच्याशी आधी बोलून ठरले होते, यातले जे खरे असेल ते. याच ठिकाणी शस्त्रक्रिया का केली याचेही कारण यावे. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयोगटातल्या, सांधेझीज नसलेल्या पण झिजेने मेनिस्कस फाटलेल्या रुग्णांवर झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्याला ठाऊक आहे. त्यात मेनिस्कस काढलेल्या आणि काढल्याचा केवळ आभास निर्माण केलेल्या गटांत वर्षभराने फरक आढळला नाही. त्यानंतर या वयात, झिजलेल्या मेनिस्कसवर हात घालणाऱ्या सर्जनने आधी कोणते उपचार किती काळ दिले आणि कोणती तक्रार उरली, हे नोटमध्येच लिहावे.

कूर्चेची नोंद सहा जागांची वेगवेगळी हवी : पटेला, ट्रॉक्लिया, दोन्ही फीमोरल काँडाइल आणि दोन्ही टिबियल प्लॅटो. आयसीआरएस श्रेणी ० ते ४ आणि डागाचा आकार मिलिमीटरमध्ये. श्रेणी २ म्हणजे जाडीच्या निम्म्याहून कमी खोल, ३ म्हणजे निम्म्याहून अधिक. ही सीमारेषा प्रोबच्या टोकाने चाचपूनच ठरते. आपल्याच उपकरणाने कूर्चेवर ओरखडा पडला असेल तर तोही जागा आणि लांबीसह लिहावा. घट्ट गुडघ्यात मीडियल बाजूला पंच मागे नेताना असे ओरखडे पडतात, हे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तो लिहिला नाही तर तीन वर्षांनी तो रोग म्हणून वाचला जाईल. जागा वाढवण्यासाठी मीडियल लिगामेंटला सुईने छिद्रे पाडून ते सैल केले असेल तर त्याचीही नोंद हवी, कारण नंतर आतल्या बाजूला दुखले की फिजिओथेरपिस्ट त्याचे कारण मेनिस्कसमध्ये शोधत बसतो.

बाकीचे रकाने थोडक्यात सांगतो. भुलीखाली केलेली तपासणी, म्हणजे किती अंश वाकतो, लॅकमन, पिव्होट शिफ्ट, ० आणि ३० अंशांवर व्हॅरस-व्हॅल्गस. टूर्निकेचा दाब, लावल्याची आणि सोडल्याची वेळ. पोर्टल कोणते आणि मीडियल पोर्टल सुई आत घालून, नजरेखाली केले का. द्रव आणि पंप असल्यास त्याचा दाब. मागचा मीडियल कप्पा नॉचमधून पाहिला का, कारण एसीएल फाटलेल्या गुडघ्यात रॅम्प लीजन तिथेच दडलेले असते. शेवटी उपकरणे मोडली नाहीत याची खात्री आणि मोजणी.

एका गोष्टीबद्दल मात्र कळकळीची विनंती आहे. संगणकावरच्या नमुन्यात कोणताही रकाना आधीच ‘सामान्य’ असा भरलेला ठेवू नका. लॅटरल कप्पा घाईत पाहिलाच नाही, आणि तरीही ‘लॅटरल मेनिस्कस, कूर्चा, पॉप्लिटियस सामान्य’ असे छापून आलेल्या नोटा मी पाहिल्या आहेत. कोणी खोटे लिहावे म्हणून लिहिलेले नसते, आधी भरलेला मजकूर पुसायचा राहून जातो. पण पुढच्या वाचणाऱ्यासाठी ते खोटेच ठरते. प्रत्येक रकाना रिकामा असावा आणि निवडीसाठी ‘सामान्य’, ‘बिघाड’ आणि ‘पाहिला नाही’ असे तीन पर्याय असावेत. ‘पाहिला नाही’ हे लिहिण्यात कमीपणा नाही, हे निवासी डॉक्टरांना आपणच सांगायला हवे.

भरलेली नोट कशी दिसावी याचा एक नमुना देतो. रुग्ण ४४ वर्षांचे टेम्पोचालक होते. मूळ नोट इंग्रजीत आहे, तिचा मेनिस्कसशी संबंधित भाग इथे मराठीत मांडला आहे.

कारण : डावा गुडघा, ५ महिने आतल्या बाजूला दुखणे आणि अडकणे. ३ महिने व्यायाम व औषधे देऊनही अडकणे कायम. उभे राहून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातले अंतर राखलेले.

भुलीखाली : ० ते १४० अंश, लॅकमन आणि पिव्होट शिफ्ट नाही, ० व ३० अंशांवर स्थिर.

मीडियल मेनिस्कस, कापण्यापूर्वी : मागच्या तिसऱ्या भागात पूर्ण आडवी फाट, लांबी १४ मिमी, कॅप्सूलपासून ५ मिमीपर्यंत, तिसरा झोन. खालच्या पदराचा फ्लॅप टिबियाच्या बाजूला दुमडलेला. ऊती झिजलेली. दोन्ही रूट प्रोबने पक्के.

शिवण का नाही : फाट रक्तपुरवठ्याच्या भागापर्यंत पोहोचत नाही, खालचा पदर चुरगळलेला.

काय काढले : खालचा पदर फाटीच्या तळापर्यंत, वरच्या पदराची मोकळी कड ४ मिमी. पंच आणि शेव्हर.

काय उरले : खालच्या बाजूने ५ मिमी, वरच्या बाजूने ८ मिमी, १४ मिमी लांबीत. शेजारच्या न कापलेल्या भागाची रुंदी १२ मिमी. बाहेरची कड अखंड. उरलेला भाग प्रोबने ओढल्यावर सांध्यात येत नाही.

लॅटरल मेनिस्कस : पायाची फिगर-ऑफ-फोर स्थिती करून पाहिला, पॉप्लिटियल हायटसपर्यंत प्रोब लावला, सामान्य. एसीएलचा ताण योग्य, पीसीएल सामान्य.

कूर्चा : मीडियल फीमोरल काँडाइल श्रेणी २, १० गुणिले ८ मिमी, वजन येणाऱ्या भागात. मीडियल टिबिया श्रेणी १. बाकी चार जागा सामान्य. मीडियल काँडाइलच्या पुढच्या भागावर उपकरणाचा ४ मिमीचा वरवरचा ओरखडा.

छायाचित्रे : कापण्यापूर्वी प्रोबसह, कापल्यानंतर प्रोबसह, कूर्चेचा डाग, लॅटरल कप्पा.

पुढे : सहन होईल तितके वजन आजपासून. मेनिस्कस शिवलेला नाही, त्यामुळे वाकवण्यावर बंधन नाही. सहा आठवडे उकिडवे बसणे टाळावे.

शेवटच्या ओळीतले ‘मेनिस्कस शिवलेला नाही’ हे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. फिजिओथेरपिस्टच्या हाती अनेकदा नुसती ‘आर्थ्रोस्कोपी’ लिहिलेली चिठ्ठी जाते आणि शिवण असेल या भीतीने तो पाय आठवडेच्या आठवडे जखडून ठेवतो. तेवढ्यात क्वाड्रिसेप्स वाळतो आणि मग रुग्णाला शस्त्रक्रिया फसली असे वाटू लागते.

या टेम्पोचालकाचा गुडघा तीन वर्षांनी दुखला आणि एमआरआयमध्ये मागचा भाग ८ मिमीचा दिसला, तर रेडिओलॉजिस्ट निश्चिंतपणे लिहू शकेल की मेनिस्कस होता तसाच आहे. तो ४ मिमीचा दिसला किंवा कड तुटलेली दिसली तर ती नवी फाट आहे. काँडाइलवरचा डाग वाढला असेल तर तो किती वाढला हे मोजता येईल, आणि ओरखड्याची जागा आधीच माहीत असल्यामुळे त्याची गल्लत होणार नाही. माझ्या शिक्षक रुग्णाची दुसरी आर्थ्रोस्कोपी असे आकडे हाताशी असते तर बहुधा टळली असती.

छायाचित्रांविषयीही सांगतो. चित्रे फाइलमध्ये लावली म्हणजे मोजमापाचे काम झाले, असे मानू नये. चित्रात प्रोब नसेल तर आकाराचा अंदाज येत नाही, कोणत्या कप्प्याचे चित्र आहे हे खाली लिहिले नसेल तर काही वर्षांनी ते घेणाऱ्यालाही ओळखता येत नाही, आणि पेनड्राइव्हवरची चित्रे हरवतात. लिखित आकडे टिकतात.

आपल्या विभागांत हा नमुना लागू करताना अडचण येईल ती वेळेची, हे मी जाणतो. एका दिवशी सहा-सात शस्त्रक्रिया असलेल्या टेबलावर निवासी डॉक्टर संध्याकाळी सगळ्या नोटा एकत्र लिहितो, आणि तोवर पहिल्या रुग्णाची कड ५ मिमीची होती की ३ हे कोणाला आठवणार? म्हणून आकडे सर्जनने मोजतानाच मोठ्याने सांगावेत आणि परिचारिकेने ते फलकावर लिहावेत, अशी पद्धत मी गेल्या वर्षभरात ठेवली आहे. टाके घालून होईपर्यंत नोटचा मुख्य भाग तयार असतो.

शेवटची विनंती नोटच्या प्रतीबद्दल आहे. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. मेनिस्कस काढलेल्या गुडघ्याची झीज बहुतेकदा त्या ३ वर्षांनंतरच बोलू लागते, म्हणजे नोट लागते तेव्हा ती रुग्णालयात असेलच अशी खात्री नसते. म्हणून रुग्णाने मागण्याची वाट न पाहता घरी जाताना डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशन नोटची प्रत त्याच्या हाती द्यावी, आणि ‘काय उरले’ हा रकाना त्या कार्डावरही उतरवावा.

पुढच्या तुकडीचे निवासी डॉक्टर रुजू होण्यापूर्वी आपल्या विभागाचा नमुना या दृष्टीने एकदा तपासावा. तो बदलताना काही शंका वाटल्यास किंवा यातला एखादा रकाना अनावश्यक वाटल्यास आपण जरूर लिहावे.

आपला,
एक अस्थिशल्यविशारद